मॅच्युरिटीचे पैसे उशिरा आले, व्याज मागायचं पत्र कसं लिहावं?

केतकी_गुहागर (२४ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी, बाबांच्या आयुर्विमा पॉलिसीबद्दल विचारायचंय. बाबा प्राथमिक शाळेतून रिटायर झालेत, जुनी एंडोमेंट पॉलिसी होती, मॅच्युरिटी १४ जुलै २०२५. कंपनीचं पत्र मे महिन्यात आलं त्यात सरळ लिहिलेलं की कागद वेळेत दिलेत तर मुदत संपेल त्या दिवशी पैसे खात्यात जमा होतील. आम्ही २३ जूनला चिपळूणच्या शाखेत मूळ बाँड, सही केलेलं डिस्चार्ज व्हाउचर, पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक सगळं दिलं आणि त्यांच्या शिक्क्याची पोच घेतली.

१४ जुलै गेला, काहीच नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". मग ११ ऑगस्टला पत्र आलं की चेकवरचा आयएफएससी चालत नाही, नवीन चेक द्या. बाबांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली त्यात कोड बदलला होता, चेकबुक मात्र जुनंच. नवीन चेकबुक यायला वेळ लागला, गणपतीच्या दोन दिवस आधी म्हणजे २५ ऑगस्टला नवा चेक नेऊन दिला, त्याचीही पोच आहे. त्यानंतर सुद्धा पैसे आले ते थेट २१ नोव्हेंबरला. ४,८६,२०० रुपये, मूळ रक्कम आणि बोनस बरोबर आहे, पण व्याज एक पैसा नाही.

बाबा म्हणतात मिळाले ना, सोडून दे. मला सोडायचं नाहीये. या पैशांवर घराचं छप्पर धरून बसलो होतो, नळे काढून पत्रा घालायचा होता, पावसाळा तसाच ताडपत्रीखाली काढला. व्याज मागता येतं का, किती, आणि पत्रात काय लिहायचं?

खाडीपलीकडे (९:२५)

नक्की मागा. पोच जपून ठेवलीत हे फार चांगलं केलंत.

देवगडचा_आंबेवाला (९:४०)

ताई आमचं पण हेच दुखणं. फळपीक विम्याचे पैसे हंगाम संपून पुढचा मोहर आला तरी येत नाहीत. अवकाळी पाऊस पडला, तापमानाचा ट्रिगर बसला, आमच्या मंडळातलं हवामान केंद्र सगळं दाखवतं तरी कंपनी म्हणते सरकारचा हप्ता आला नाही. त्यात १२ टक्के व्याज मिळतं असं कृषी सहाय्यक म्हणाले, तुम्ही पण १२ टक्केच मागा.

पुळणीवर (९:५८)

व्याज मिळतं पण पहिले ३० दिवस कंपनीला सवलत असते, ३१व्या दिवसापासून मोजायचं. आणि दर म्हणजे रेपो रेट अधिक २ टक्के. पण एक अडचण आहे, डिस्चार्ज व्हाउचरवर "पूर्ण व अंतिम" असं छापलेलं असतं, त्यावर बाबांनी सही केली असेल तर बहुतेक विषय संपला.

केतकी_गुहागर (१०:०५)

हो, तसं छापलेलं होतंच 😟 सही केल्याशिवाय ते कागदच घेत नाहीत, मग काय करणार.

सुलभा_रत्नागिरी (१०:५०)

केतकी, घाबरू नकोस. मी बरीच वर्षं ग्राहकांच्या तक्रारी लिहून देते, विम्याच्या तर खूपच. एकेक बघू.

आंबेवाले दादा, तुमचं गाऱ्हाणं खरं आहे पण तो पीक विमा, त्याची योजना वेगळी आणि विलंबाचा दर पण तिथला वेगळा. आयुर्विम्याला तो १२ टक्के लावला तर कंपनी पहिल्याच ओळीत पत्र बाजूला टाकेल. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी लिहीन तिथे.

पुळणीवर, ३० दिवसांची गोष्ट तुम्ही कुठून आणलीत ते कळलं. पूर्वी मृत्यूच्या दाव्याला कागद पूर्ण झाल्यावर ३० दिवस होते, ते लोकांच्या डोक्यात बसलंय. मॅच्युरिटीला असली सवलत नाही. मुदत कधी संपणार हे कंपनीला पॉलिसी दिली त्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून नियम असा की आधीच पत्र पाठवून कागद मागवा आणि ठरलेल्या तारखेला पैसे द्या. हे २०१७ च्या आयआरडीएआयच्या नियमांत होतं आणि ५ सप्टेंबर २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये पण मॅच्युरिटी देय तारखेलाच द्यायची असं आहे. उशीर झाला तर बँक रेट अधिक २ टक्के. रेपो नाही, बँक रेट. दोन्ही रिझर्व्ह बँकच ठरवते पण आकडे वेगळे, सध्या बँक रेट रेपोपेक्षा पाव टक्का वर असतो.

आता कुठल्या दिवसाचा बँक रेट? ज्या आर्थिक वर्षात पैसे देय झाले त्या वर्षाच्या सुरुवातीचा. तुमचं वर्ष २०२५-२६, १ एप्रिल २०२५ ला बँक रेट ६.५० होता. म्हणजे ८.५० टक्के. त्यानंतर तो खाली आला, एप्रिलमध्ये ६.२५, जूनमध्ये ५.७५, पण आपल्याला १ एप्रिलचाच धरायचा.

व्हाउचरचं उद्या सकाळी लिहिते, डोळे मिटायला लागले.

चाकरमानी_डोंबिवली (११:३०)

पत्रंबित्रं सोडा आणि थेट ग्राहक आयोगात जा. आईच्या वेळी आम्हाला मृत्यूच्या दाव्याचे पैसे द्यायला कंपनीने वर्ष घालवलं, चौकशी चालू आहे चौकशी चालू आहे म्हणत राहिले. पत्रांना उत्तरं गोड गोड येतात आणि वेळ जातो. मानसिक त्रासाची भरपाई पण मागा, तेव्हाच हलतात.

सुलभा_रत्नागिरी (२५ नोव्हेंबर, सकाळी ७:४५)

चाकरमानी दादा, तुमचा राग समजतो. आता मृत्यूच्या दाव्याला चौकशी नसेल तर १५ दिवस आणि चौकशी असेल तर ४५ दिवस एवढीच मुदत आहे. पण केतकीच्या केसमध्ये आधी कंपनीला लेखी तक्रार गेलीच पाहिजे, कारण ती नसेल तर विमा लोकपाल अर्ज घेतच नाहीत. आयोगात सरळ जाता येतं, पण एवढ्याशा रकमेला तारखा घेत बसायचं का ते आधी बघा.

आता व्हाउचर. सुप्रीम कोर्टाने १९९९ साली अजमेर सिंग कॉटन मिलच्या प्रकरणात सांगितलंय की नुसत्या डिस्चार्ज व्हाउचरवरच्या सहीने ग्राहकाची वाट बंद होत नाही. मात्र सही दबावाने किंवा फसवून घेतली असं काही दाखवता आलं पाहिजे असंही त्यात आहे, म्हणून मी फक्त तेवढ्यावर उभी राहणार नाही. तुमच्याकडे त्याहून सोपं उत्तर आहे. सही २३ जूनची, मुदत १४ जुलैची. सही केली तेव्हा उशीर झालेलाच नव्हता. जो उशीर अजून व्हायचाय त्याचं व्याज बाबांनी आधीच सोडून दिलं असं कोण म्हणेल? हे एक वाक्य पत्रात घालायचंच.

माडाच्या_सावलीत (८:३०)

मी विमा कंपनीच्या शाखेत आयुष्य काढलंय, कुठल्या ते सांगत नाही. दुसरी बाजू पण ऐका. पैसे मुदतीच्या दिवशी सिस्टीममधून सुटतात आणि आयएफएससी चुकीचा असेल तर ते परत येतात, मग शाखेला कळतं. शाखेतला माणूस जून महिन्यात तुमचा चेक हातात घेऊन कोड चालू आहे की बंद हे सांगू शकत नाही. नियमात देय तारीख किंवा शेवटचा आवश्यक कागद मिळाल्याची तारीख, यातली जी नंतरची तिथून व्याज, असं २०१७ ला स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणून माझ्या मते २५ ऑगस्टपासूनच व्याज बसतं. त्याआधीचा उशीर चेकचा, म्हणजे तुमच्याकडचा. २५ ऑगस्ट ते २१ नोव्हेंबर याला मात्र कंपनीकडे काही उत्तर नाही, ते द्यायलाच हवं.

केतकी_गुहागर (९:१५)

काका पटतंय थोडं, पण चेक जूनमध्ये दिला तेव्हा त्यांनी पडताळून बघायला नको का, मुदत जाऊ दिली आणि मग चार आठवड्यांनी पत्र टाकलं. पैसे परत आले तर त्याच आठवड्यात फोन तरी करायचा. आम्ही इकडून फोन करत होतो तेव्हा पण कोड चुकलाय हे कोणी बोललं नाही.

सावंतवाडीचो_झील (९:४०)

केतकीबाय, माका वाटता हीच गोष्ट पत्रात लिवा. तुमी फोन करीत होतास आणि त्येंनी सांगूक नाय, ह्या महत्त्वाचा.

सुलभा_रत्नागिरी (१०:२०)

माडकाकांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही, लोकपालांसमोर कंपनी हेच म्हणणार. पण "आवश्यक" या शब्दाला वजन आहे. कंपन्या खात्यात एक रुपया टाकून खातं चालू आहे का ते बघतात, त्याला पेनी ड्रॉप म्हणतात. मे महिन्यात पत्र पाठवून कागद आधी मागवायचा हेतूच हा की काही खोट असेल तर मुदतीच्या आत कळावी. २३ जून ते १४ जुलै त्यांच्या हातात तीन आठवडे होते. म्हणून मी दोन्ही मागण्या लिहीन. मुख्य मागणी १४ जुलैपासून. ती अमान्य असेल तर निदान २५ ऑगस्टपासून, आणि अमान्य का त्याचं कारण लेखी. नुसतं पहिलं मागितलं तर ते सगळंच नाकारतात, नुसतं दुसरं मागितलं तर पहिलं आपणच सोडल्यासारखं होतं.

हिशोब असा. ४,८६,२०० वर ८.५० टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४१,३२७. १४ जुलै ते २१ नोव्हेंबर १३० दिवस, ४१,३२७ गुणिले १३० भागिले ३६५, येतात १४,७१९ रुपये. २५ ऑगस्टपासून धरलं तर ८८ दिवस, ९,९६४ रुपये. म्हणजे वादातला भाग ४,७५५ चा.

पत्राचा मसुदा देते, नावं नंबर तू घाल:

*प्रति, तक्रार निवारण अधिकारी (शाखा व विभागीय कार्यालय)*

*विषय: पॉलिसी क्र. ____ ची मुदतपूर्तीची रक्कम उशिरा दिल्याबद्दल विलंब व्याजाची मागणी*

*महोदय,*

*वरील पॉलिसीची मुदत १४ जुलै २०२५ रोजी पूर्ण झाली. आपल्या मे महिन्यातील पत्रात रक्कम त्याच दिवशी देण्याचे कळवले होते. मूळ पॉलिसी, डिस्चार्ज व्हाउचर, ओळखपत्रे व रद्द केलेला धनादेश मी २३ जून २०२५ रोजी शाखेत दिला, पोच जोडली आहे. धनादेशावरील आयएफएससी चालत नसल्याचे आपण प्रथमच ११ ऑगस्टच्या पत्राने, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर कळवले. मधल्या काळात मी फोनवर चौकशी केली तेव्हाही ही अडचण सांगितली गेली नाही. नवा धनादेश २५ ऑगस्ट रोजी दिला, पोच जोडली आहे. रक्कम रु. ४,८६,२०० माझ्या खात्यात २१ नोव्हेंबर रोजी जमा झाली. त्यासोबत विलंब व्याज दिलेले नाही.*

*आयआरडीएआयच्या पॉलिसीधारक हितरक्षणाच्या तरतुदींनुसार १ एप्रिल २०२५ रोजीचा बँक रेट ६.५० अधिक २, म्हणजे ८.५० टक्के दराने १४ जुलै ते २१ नोव्हेंबर या १३० दिवसांचे रु. १४,७१९ व्याज मला द्यावे. ही मागणी अंशतः अमान्य असल्यास २५ ऑगस्टपासूनचे रु. ९,९६४ तातडीने जमा करावेत व उरलेल्या काळाचे व्याज का नाकारले याचे कारण लेखी कळवावे.*

*डिस्चार्ज व्हाउचरवर मी २३ जून रोजी सही केली तेव्हा कोणताही विलंब झालेला नव्हता, त्यामुळे त्या सहीने विलंब व्याजाचा हक्क सोडला असे मानता येणार नाही.*

*हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा.*

सही बाबांची, तुझी नाही, पॉलिसी त्यांच्या नावावर आहे. सोबत दोन्ही पोच, ११ ऑगस्टचं पत्र, मे महिन्याचं पत्र आणि पासबुकातलं २१ नोव्हेंबरचं पान. ईमेल कर आणि स्पीड पोस्टाने पण पाठव.

पुळणीवर (१०:४५)

सुलभाताई धन्यवाद, माझं ३० दिवसांचं चुकीचं होतं म्हणजे. बँक रेटचं पण आज कळलं. एक विचारतो, हे व्याज टॅक्समध्ये येतं का?

सुलभा_रत्नागिरी (११:००)

मॅच्युरिटीची रक्कम १०(१०डी) मध्ये करमुक्त असेल तरी हे व्याज वेगळं, ते इतर उत्पन्नात दाखवायचं.

माडाच्या_सावलीत (११:२०)

पत्र चांगलं आहे. एक भर घाला, शेवटच्या ओळीचा आग्रह सोडू नका. शाखेत नुसतं पत्र घेतलं की ते फायलीत जातं, तक्रार म्हणून नोंदलं की घड्याळ चालू होतं आणि दोन आठवड्यांत निकाली काढावं लागतं. क्रमांक दिला नाही तर बीमा भरोसा पोर्टलवर (bimabharosa.irdai.gov.in) तीच तक्रार टाका, तिथून ती कंपनीकडेच जाते पण नोंद आयआरडीएआयला दिसते. फोनने करायची तर १५५२५५.

चाकरमानी_डोंबिवली (दुपारी १:१५)

काका तुम्ही कंपनीतले असून असं सांगताय, बरं वाटलं. पण मी अजून म्हणतो, लोकपाल किंवा आयोग यातलं एक दार ठोठवावं लागणारच.

केतकी_गुहागर (२६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००)

पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि सही केली. म्हणाले, एवढं नीट मांडलंय तर पाठवायलाच हवं. ईमेल गेला, स्पीड पोस्टही केलं, पोर्टलवरही टाकलं, क्रमांक मिळाला. सगळ्यांचे मनापासून आभार.

केतकी_गुहागर (९ डिसेंबर, रात्री ८:३०)

उत्तर आलं! ९,०८५ रुपये आज जमा झाले. सोबतच्या ईमेलमध्ये म्हणतात, शेवटचा आवश्यक कागद २५ ऑगस्टला मिळाला म्हणून तिथून ८८ दिवस, दर ७.७५ टक्के. आधीच्या काळाचं व्याज "ग्राहकाकडून त्रुटी" म्हणून नाकारलं. आमचा आकडा ९,९६४ होता, मग हा ७.७५ कुठून आला?

पुळणीवर (८:५०)

५.७५ अधिक २! म्हणजे १४ जुलैला जो बँक रेट होता तो धरलाय.

सुलभा_रत्नागिरी (९:३०)

बरोबर ओळखलंत. जूनमध्ये रेट उतरला तो त्यांनी घेतला. आपण म्हणतो आर्थिक वर्षाच्या सुरुवातीचा, ६.५०. यात ८७९ रुपये कमी आले आहेत. हे चटकन सुटेल, कारण इथे मत नाही, तारीख आहे. त्याच ईमेलला उत्तर दे: बँक रेट १ एप्रिल २०२५ चा धरावा, फरक ८७९ द्यावा, आणि दर कसा घेतला ते दाखवावं.

४,७५५ चं वेगळं. ते त्यांनी लेखी नाकारलंय, म्हणजे आता लोकपालांकडे जायचा रस्ता मोकळा झाला. गुहागर म्हणजे रत्नागिरी जिल्हा, पुण्याच्या विमा लोकपालांकडे येतो. अर्ज cioins.co.in वर ऑनलाइन होतो, फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी व्हिडिओवर पण होते. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत करायचा. लोकपालांना व्याज देण्याचा अधिकार आहे. पण निकाल तुझ्याच बाजूने लागेल असं मी सांगत नाही, माडकाकांचा मुद्दा तिथे ऐकला जाईल.

माडाच्या_सावलीत (९:५५)

८७९ चं सुलभाताईंचं बरोबर आहे, मी आमच्या वेळचं परिपत्रक आठवून सांगतो, वर्षाच्या सुरुवातीचाच रेट असायचा. ४,७५५ बद्दल मी अजून माझ्या मतावर आहे. पण लोकपालांकडे गेलात तर फोनच्या तारखा काढून ठेवा, मोबाईल कंपनीच्या कॉल डिटेलमध्ये कस्टमर केअरचा नंबर दिसतो. १४ जुलै ते ११ ऑगस्टमध्ये तुम्ही विचारत होतात आणि ते गप्प होते हे सिद्ध झालं तर माझ्यासारख्याचं मत बदलू शकतं.

सावंतवाडीचो_झील (१०:१०)

काका, ह्या बरा सांगितलास.

केतकी_गुहागर (१०:३०)

फरकाचा ईमेल आत्ताच पाठवला. कॉल डिटेल काढायला उद्या ॲपमधून विनंती टाकते, फोन बाबांच्या नंबरवरून केले होते. लोकपालांचा अर्ज नाताळच्या सुट्टीत भाऊ आला की भरू, कागद त्याच्याकडून स्कॅन करून घेणार आहे. आंबेवाले दादा, तुमच्या धाग्यावर सुलभाताईंनी लिहिलंय, बघितलंत का?

देवगडचा_आंबेवाला (१०:४५)

बघितलं ताई. आमच्या मंडळातल्या पाच-सहा बागायतदारांना पण दाखवलं, एकत्रच अर्ज करतोय.